डोंगराकडे पाठ

ठमी चाळिशीला आली तरी घरात ती ठमीच होती, आणि सागरी बचाव केंद्रातही. हे नाव तिथं पोचवलं तिच्या बापानंच. एकदा विसरलेला डबा द्यायला आला आणि दारातूनच "ठमे!" अशी आरोळी ठोकली. रडारवाला दचकला, कप्तान हसला आणि त्या दिवसापासून बाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

ठमीचं काम फोटो वाचायचं. भरकटलेल्या बोटींवरून, विमानांतून फोटो यायचे आणि ठिकाणाचा पत्ता नसायचा. मग पहिला प्रश्न ठरलेला: कंकण की डोंगर? समुद्रातून कधीकाळी वर आलेला ज्वालामुखी हळूहळू खचून पाण्याखाली जातो, त्याच्या काठानं वाढलेलं पोवळं मात्र वर वर येत राहतं. शेवटी उरतं ते प्रवाळाचं कंकण, मधे उथळ खाजण आणि कडेला माणसाच्या उंचीपेक्षा थोडीशीच उंच जमीन. फोटोत कंकण दिसलं की अटलांटिक जवळजवळ बाद, कारण तिथं कंकणं औषधापुरतीच. मोठ्या कड्यात छोटी छोटी कडी गुंफलेली दिसली तर मालदीवकडे बघायचं. लांबलचक सलग कडं असेल तर बहुधा प्रशांत महासागर. डोंगर दिसला तर हिशेब सगळाच वेगळा.

आता फोटो आला होता तो बापाचा.

निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात. या गृहस्थांनी शिडाची बोट घेतली. "एकदा जाऊन येतो," म्हणाले, जसं काही कोपऱ्यावरून दाढीचं सामान आणायचं होतं. आईनं बडबड केली, अबोला धरला आणि शेवटी लोणच्याची बरणी बांधून दिली. वाटेत बोटीवर वीज पडली. दिशा दाखवणारी सगळी यंत्रं जळाली. जुना सॅटेलाइट फोन तेवढा वाचला, कारण वादळ दिसताच बापानं तो ओव्हनमध्ये ठेवला होता. शहाणे खलाशी तसं करतात. लोखंडी पेटीत वीज शिरत नाही. त्या फोनवरून एक बारकासा फोटो आणि दोन ओळी आल्या: "कुठल्याशा बेटाला लागलोय. पाय मोडलाय बहुतेक, पण मजेत. बॅटरी संपत आलीय." त्यानंतर सगळं शांत.

"मजेत म्हणे!" आई फोनवर कडाडली. "येऊ दे घरी, दुसराही पाय मोडते."

कप्ताननं नकाशा पसरला. वारा आणि प्रवाह धरले तर बोट दोनच ठिकाणी जाऊ शकत होती. पूर्वेला कंकणांचा पुंजका, दक्षिणेला ज्वालामुखी बेटांची रांग. विमान एकच, आणि दुपारनंतर वादळ यायचं होतं. चुकीच्या दिशेला गेलं तर पुन्हा कधी उडेल, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

"ठमे, आज तू या टेबलावर नाहीस," कप्तान हळू आवाजात म्हणाला. "घरची माणसं जिथं बसतात तिथं बस. फोटो अण्णा वाचतील."

अण्णा तिचे ज्येष्ठ सहकारी. तिला हे काम त्यांनीच शिकवलेलं. ती मुकाट्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत तिनं किती जणांना पाणी नेऊन दिलं होतं! ती इतकी टोचते हे तिला आज कळलं.

अण्णांनी फोटो मोठा केला. पांढरीशुभ्र वाळू, माडांची रांग, निळंहिरवं उथळ पाणी आणि लांबवर फेसाची पांढरी रेघ. उंच असं काहीच नाही.

"कंकण," अण्णा म्हणाले. "पूर्वेला पाठवा."

ठमीलाही तेच वाटलं होतं. तरी कप्ताननं मान वळवून विचारलं, "तुझे बाबा फोटो कसे काढतात गं?"

"भयंकर," ती म्हणाली आणि एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं. "लहानपणी कुणीतरी सांगितलंय, उजेड पाठीशी हवा. ते धरून बसलेत. सहलीला जाऊन देवळाकडे पाठ करतात आणि वाहनतळाचा फोटो काढतात. आमच्याकडे एकाही धबधब्याचा फोटो नाही. धबधब्यासमोरच्या चहाच्या टपऱ्यांचे हवे तेवढे आहेत."

हे बोलता बोलताच ती थांबली. मग पाठीशी काय आहे, हे फोटोत दिसणारच नाही.

"पांढरी वाळू डोंगराच्या बेटालाही असते, अण्णा. भोवती पोवळं असलं की झालं."

"असते. पण बापाच्या खोडीवर विमान उडत नाही, पोरी. फोटोत दाखव."

ती खुर्ची सोडून टेबलाशी आली. कप्ताननं तिला अडवलं नाही.

"पाण्याच्या कडेचे हे काळे गोटे बघा. ज्वालामुखीचा दगड."

"प्युमिस असेल," अण्णा म्हणाले. "तो फेसाळ दगड तरंगत कुठंही जातो. कंकणावर ढिगानं सापडतो."

"तरंगणारा दगड लाटेच्या तोंडी असा ठाण मांडून बसेल? लाट त्याच्यावर फुटतेय. आणि गोल आहेत सगळे, ओढ्यातून गडगडत आल्यासारखे."

अण्णांनी चष्मा वर सरकवला. वाद घालताना ते कधी चिडत नसत, म्हणूनच तिला ते आवडायचे. पोवळ्यावर लाटा फुटून उठलेल्या फेसाच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. एका जागी रेघ तुटली होती.

"फट आहे, पण त्यात नवल नाही, कंकणालाही फटी असतात." त्यांचं बोट फटीवरून सावकाश किनाऱ्याकडे आलं आणि थबकलं. फोटोच्या अगदी कडेला पाणी निळं नव्हतं, चहासारखं होतं. "अरेच्चा!"

"गढूळ," ठमी म्हणाली.

"गोडं पाणी आणि गाळ. पोवळ्याला दोन्ही सोसत नाही, म्हणून नेमकी नदीच्या मुखासमोरच फट. कंकणावर नदी कुठून येणार? पाऊस पडला की जमिनीत जिरतो." अण्णांनी खुर्ची मागं ढकलली. "डोंगर आहे, कप्तान. आपला शहाणा त्याच्याकडे पाठ करून उभा आहे. मी चुकलो. दक्षिणेला पाठवा. नदी आहे आणि नदीसमोर फट आहे, असा किनारा शोधायला सांगा."

कप्ताननं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा ठमीकडे, आणि वैमानिकाला दक्षिण दिली.

मग वाट बघणं आलं. आता मात्र ठमीला धीर धरवेना. आपण बापाला शोधला की आपल्याला हवा तसा फोटो वाचला? गढूळपणा म्हणजे ढगाची सावली तर नसेल? अण्णांनी स्वतःचा चहा तिच्यापुढं सरकवला. पहिलं बेट रिकामं निघालं. दुसऱ्याला नदीच नव्हती. पश्चिमेला आभाळ भरून आलं आणि कप्तान घड्याळाकडे बघू लागला.

तेवढ्यात विमानातून फोटो आला. ढगात डोकं खुपसलेला हिरवा डोंगर, तपकिरी ओढा, ओढ्यासमोर तुटलेलं पोवळं आणि वाळूत कललेली बोट. बोटीशेजारी पसरलेल्या शिडावर एक माणूस बसला होता आणि दोन्ही हात हलवत होता.

"वाच," अण्णा म्हणाले. "तूच वाच."

"ज्वालामुखी बेट," ती म्हणाली. "बोट एक. माणूस..." कप्ताननं तिच्या पाठीवर हात ठेवला.

वैमानिकानं पुडक्यातून औषधं आणि छोटा रेडिओ खाली टाकला. सुटकेची बोट वाटेवर होती. कप्ताननं रेडिओची वाट ठमीच्या घरच्या फोनला जोडून दिली. हे नियमात बसत नव्हतं, पण त्या वेळी नियमाकडे कोणी बघितलं नाही.

आईची सगळी सरबत्ती तयार होती. ठमीला ती पाठ होती. फोनवर खरखर झाली.

"अहो," आई म्हणाली. आणि पुढं काही बोलेचना.

मग तिकडून बापाचा घोगरा आवाज आला. "बोल ना. शिव्या घाल. इथं फार शांत होतं गं."