ज्याला झोप येत नाही त्याच्या हवाली

बाळंतपणाला मी दौंडला माहेरी होते. तान्ह्या बिलालला झोपवताना अम्मी त्याच्या कपाळावर हात ठेवून कुरआनातली आयतुल कुर्सी म्हणायची, हलकेच फुंकर घालून दम करायची. तरी माझा डोळा लागत नसे. त्याची छाती वर-खाली होतेय ना, ते बघत बसायचे. आताशा जागरणानं भिंतही हलल्यासारखी दिसायची.

त्या दुपारी यवतला मामा घसरून पडले आणि अम्मी घाईनं निघाली.

"याच्यावर दम कोण करणार?" मी विचारलं.

"मोबाईलवर लाव की. सांजच्याला येते मी."

मला स्वतःला म्हणता येत नव्हतं. बाळंतपणाचं रक्त अजून थांबलं नव्हतं. अशात नमाज नाही, कुरआनला हात नाही, तिलावत म्हणजे कुरआनपठणही नाही, हे लहानपणापासून पक्कं. मोबाईल पाळण्याशी ठेवला, तर आयत म्हणणाऱ्या कारींचा आवाज चढला तसा बिलाल दचकून रडायला लागला.

शेवटी शिरूरला सासूबाईंना फोन लावला. त्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवतात; मी जरा बिचकूनच असते त्यांना.

"अम्मा, तुम्ही फोनवरून म्हणता का आयतुल कुर्सी?"

"म्हणते की. पन तुझ्या तोंडाला काय झालं?"

"मी पाक नाही ना अजून."

"बी.एस्सी. झालीस आन् हे कुणाला इचारलं न्हाईस व्हय?" त्या हसल्या. "तिलावत म्हणून म्हणू नको. अल्लाहची तारीफ, दुआ म्हणून म्हण, नियत तेवढी तशी धर. ही आयत सगळी तारीफच हाय. माझ्या बाळंतपणात मौलानांना इचारूनच मी शाकीरवर म्हणायचे. अर्थ ठावं हाय ना?"

"अल्लाहशिवाय कुणी माबूद, उपासनेला योग्य नाही. तो कायम जिवंत, सगळ्यांना सांभाळणारा. त्याला ना डुलकी येते, ना झोप..."

"आन् शेवटी?"

"त्याची कुर्सी आसमान-जमिनीवर पसरलेली आहे. त्या दोन्हींना जपणं त्याला जड जात नाही."

"मग तू कशापायी जागती? घराबाहेर पडताना, पाच वक्ताच्या फर्ज नमाजीनंतर, समदीकडं म्हणतो आपण ती. आन् अंथरुणावर पडताना म्हटली, तर अल्लाहकडून राखणदार असतो, सकाळपतूर सैतान फिरकत न्हाई, अशी पैगंबरांची हदीस हाय. पन म्हणून झालं की निजायचं असतं गं. म्हणायचं बी आन् पहारा बी द्यायचा?"

"त्याला काही झालं तर?"

"ताप आला तर दवाखाना. आयत काय डॉक्टरला अडवत न्हाई."

फोन ठेवला. दुआची नियत केली आणि बिलालच्या कपाळावर हात ठेवला. 'ला तअखुजुहू सिनतुंव वला नौम', ना डुलकी ना झोप, इथं अडखळले. ती ओळ पुन्हा नीट घेतली, शेवटपर्यंत म्हटलं, फुंकर घातली. त्याला पाळण्यात उताणं निजवलं. खाली सतरंजीवर टेकले, म्हटलं, जरा पाठ टेकावी.

अम्मी म्हणते, ती दार वाजवून वाजवून दमली. शेवटी शेजारच्या गौतमीकडून चावी घेतली. आत आली तर बिलाल जागा, स्वतःची मूठ चोखत पडलेला, आणि मी घोरत होते.