अठ्ठेचाळीस रुपये कमी

विश्वाच्या विराट नियमांचं दर्शन माणसाला आयुष्यात एकदाच होतं, आणि ज्याला होतं तो मुळापासून बदलून जातो. चष्मेवाल्याला ते अठ्ठेचाळीस रुपयांत झालं. बदलायचं म्हणाल तर तो आठवडाभर नीट जेवला नाही, एवढंच.

चष्मेवाल्याचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. काच कापायचं स्वयंचलित मशीन त्याने कर्जावर घेतलं होतं. हप्ता अकरा हजार चारशे साठ, दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप जाणारा. गडी हिशोबाचा पक्का. तीन तारखेलाच हप्त्यापुरते पैसे खात्यात टाकून मोकळा व्हायचा. या खेपेलाही टाकले. पण चार तारखेला बँकेने डेबिट कार्डाची वार्षिक फी गुपचूप कापून घेतली आणि शिल्लक उरली अकरा हजार चारशे बारा.

सहा तारखेला दुपारी कर्ज कंपनीचा मेसेज आला. हप्ता परत. कारण, अपुरी शिल्लक.

"अहो, मग अकरा हजार चारशे तरी घेतले असतील ना?" बायकोने विचारलं.

"छे. एक पैसा नाही घेतला."

"म्हणजे ताटात एक पोळी कमी म्हणून अख्खं ताट परत? मोठे मानी दिसतात."

चष्मेवाल्याला हसू आलं नाही. लेकीच्या शिक्षणकर्जाचा अर्ज दुसऱ्या एका बँकेत पडला होता. सहकर्जदार म्हणून सही त्याची. वीस तारखेला तिथल्या मॅनेजरने चालू कर्जाचा उतारा घेऊन बोलावलं होतं आणि वर बजावलं होतं, "थकबाकी असेल तर येऊच नका." फी भरायची मुदत महिनाअखेर. पोरीने वसतिगृहासाठी बादलीसुद्धा घेऊन ठेवली होती.

मेसेजमध्ये लिहिलं होतं की पंधरा तारखेला पुन्हा प्रयत्न होईल. चष्मेवाल्याने वजाबाकी केली आणि दिलदारपणे शंभर रुपये भरले. अठ्ठेचाळीस कमी होते, बावन्न वर. काच कापताना तो एवढी सूट कधी सोडत नसे.

सोळा तारखेला तोच मेसेज. कारण, अपुरी शिल्लक.

"शंभर भरलेत की शंभर भरायचं ठरवलंत?" बायको म्हणाली.

सतराला दुकानाला कुलूप लावून तो कर्ज कंपनीच्या शाखेत गेला. वसुलीच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, समोर गार झालेला चहा. त्यांनी उतारा छापला आणि कागद त्याच्याकडे वळवला.

"ताई, हे बघा, पाच तारखेला तुम्हीच 'हप्ता जमा' लिहिलंय. मग भांडण कसलं?"

"काका, खालची ओळ वाचा."

खालच्या ओळीत सहा तारखेला तेवढीच रक्कम उलट्या बाजूला होती. हप्ता परत, अपुरी शिल्लक.

"मागणी पाठवली की आमचं सॉफ्टवेअर आधी जमा धरतं. तुमच्या बँकेने नाही म्हटलं की ती नोंद उलटवतं. खोडत नाही. दोन्ही ओळी राहतात."

"कायमच्या?"

"कायमच्या."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. खाली ओळी होत्याच. बाउन्स शुल्क पाचशे. त्यावरचा कर नव्वद. मग पंधरा तारखेला पुन्हा जमा, सोळाला पुन्हा परत, पुन्हा पाचशे, पुन्हा नव्वद. शेवटी विलंब दंड, आजपर्यंतचे नव्वद.

"हा रोज वाढतो?"

"थकलेल्या हप्त्यावर, रोज साडेसात रुपये. पण दंडावर व्याज लागत नाही हं," बाईंनी भेटवस्तू द्यावी तसं सांगितलं.

"पण मी शंभर भरले होते! अठ्ठेचाळीसच कमी होते."

"पाचला कमी होते. हप्ता परत गेला की तुमची बँकसुद्धा तिचं शुल्क कापते. पासबुक बघितलंत?"

त्याने मोबाइल काढला. कर्जांच्या, सेलच्या आणि लकी ड्रॉच्या मेसेजांखाली बँकेचा मेसेज दबलेला होता. सहा तारीख, परतीचं शुल्क, करासहित दोनशे पंच्याण्णव. त्याने शंभर टाकले तेव्हा खड्डा अठ्ठेचाळीसचा राहिलेलाच नव्हता. सोळाला आणखी दोनशे पंच्याण्णव गेले होते.

"म्हणजे पैसे कमी पडले म्हणून, कमी पडलेल्यातलेच पैसे नेले?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना यात काही विशेष वाटलं नाही.

चष्मेवाला मात्र खुर्चीत मागे टेकला. त्याला राग यायला हवा होता, आला नाही. अंगावर काटा आला. आपलं मशीन केसाच्या जाडीचाही फरक पकडतं म्हणून तो गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा. इथे कुणी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, कुणी त्याच्यावर चिडलं नव्हतं, बावीस हप्ते वेळेवर भरल्याचं कौतुक नव्हतं आणि तेविसावा हुकल्याचा आकस नव्हता.

"एका दिवशी असे किती हप्ते मागता हो?"

"आमच्या कंपनीचे? पाच तारखेच्या फाइलीत पावणेदोन लाख."

पावणेदोन लाख. चष्मेवाल्याला पहाट दिसली. दूधवाले, शिक्षक, वाजंत्री, दातांचे डॉक्टर सगळे साखरझोपेत, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक अदृश्य हात येऊन अगदी बरोबर रक्कम उचलतोय. कुणाला धक्का न लावता, कुणाची चूक न करता. आणि एका उशाशी तो हात अठ्ठेचाळीस रुपयांसाठी थांबतो, रिकामा परत जातो, जाताना दारावर खूण करतो. एवढ्या बारकाईने त्याच्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा नाही.

"काका, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"नको. पुढे काय होणार?"

"पंचवीसला तिसरा प्रयत्न. पण तोही फक्त हप्त्याचाच होतो, शुल्क आणि दंड वेगळे भरावे लागतात. आत्ता सगळं इथेच भरा, बारा हजार सातशे तीस. बाकी शून्य झाली की पंचवीसच्या फाइलीतून तुमचं नाव गळेल."

"आणि चोवीसला भरलं तर?"

"फाइल बँकांकडे दोन दिवस आधीच जाते. मग इथलेही जातील आणि खात्यातलेही. जादाचे पुढच्या हप्त्यात वळते होतील."

हेही ठरलेलं होतं. चष्मेवाल्याने मान डोलावली, देवळाबाहेर डोलावतात तशी, आणि पैसे भरले. नव्या उताऱ्यात शेवटची ओळ आली, थकबाकी शून्य. वरच्या ओळी जागच्या जागी.

"हे दोन बाउन्स पुसता नाही येणार? लेकीच्या कर्जाचा प्रश्न आहे."

"भरलेलं दिसेल, काका. परत गेलेलंही दिसेल."

घरी आल्यावर बायकोने बेरीज मांडली. कंपनीचे बाराशे सत्तर, बँकेचे पाचशे नव्वद. "अठ्ठेचाळीससाठी अठराशे साठ. चोरसुद्धा एवढं मागत नाही."

"चोर चुकतो," चष्मेवाला हळूच म्हणाला. "हे चुकत नाहीत."

"मग आरती करा त्यांची. पोरीचं काय सांगायचं?"

पोरगी दारात उभी होती. तीन रात्री तो आढ्याकडे बघत उत्तर जुळवत होता. मॅनेजरसाहेब, बावीस हप्ते बघा. मॅनेजरसाहेब, कार्डाची फी कापली हो. मॅनेजरसाहेब, मशीन माझं आहे, शिक्षा पोरीला नको.

वीस तारखेला तो लेकीला घेऊन मॅनेजरसमोर बसला. उतारा टेबलावर ठेवला. मॅनेजरने ओळींवरून पेन फिरवलं, दोन ठिकाणी थांबला. चष्मेवाल्याने श्वास घेतला आणि तोंड उघडलं, "मॅनेजरसाहेब, बावीस हप्ते..."

"थकबाकी शून्य. बाउन्स दोन," मॅनेजर म्हणाला. "वर्षात तीनपर्यंत चालतात. इथे सही करा."