साठ दिवस यापा नाही

मला दारात पाहिलं की रसाच्या दुकानांत धावपळ उडते. कुणी फडकं शोधतं, कुणी टोपी, कुणी फ्रीजमागे लपवलेली स्वस्तातली साखर आणखी आत ढकलतं. ‘तुंबो रोहो’, म्हणजे तुंबो नावाचं लाल फळ, त्या नावाच्या रसाच्या कंपनीची कोचाबांबा शहरातली तपासनीस मी. कंपनीचं नाव भाड्याने घेऊन दुकान चालवणारे नियम पाळतात की नाही, हे बघणं माझं काम. लोक माझ्याशी गोड बोलतात आणि माझी पाठ वळली की शिव्या देतात. त्यात नवल काही नाही.

सेनोबियाबाई, सगळ्यांच्या दोन्या सेनोबिया, मात्र मला पाहून कधी हलल्या नाहीत. कोलोन चौकाजवळच्या त्यांच्या दुकानात मी शिरले की त्या मिक्सर थांबवायच्या, समोरच्या गिऱ्हाइकाचा रिकामा ग्लास पुढे ओढायच्या आणि भांड्यात उरलेला रस त्यात ओतायच्या. माझ्या डोळ्यांदेखत. मग, शिकलेल्या बाईला म्हणतात तसं मला ‘लिसे’ म्हणत, सांगायच्या, “लिहा लिसे, लिहा. खोटं लिहू नका म्हणजे झालं.”

हाच तो यापा. विकत घेतलं त्याच्या वरचं, न मागता मिळालेलं. आमच्या बाजारात रसवाली पहिला ग्लास विकते आणि दुसरा अर्धा नुसता देते, आणि गिऱ्हाईक त्या अर्ध्यासाठीच परत येतं. दोघं एकमेकांना ‘कासेरिता’ म्हणतात, म्हणजे ठरलेली, आपली. कंपनीच्या नियमात मात्र यापा बसत नाही. मिक्सरच्या भांड्यावर लाल रेघ आहे, तिथपर्यंतच फळ आणि दूध घालायचं, एक ग्लास भरायचा, भांडं विसळायचं. उष्ट्या ग्लासात पुन्हा ओतायचं नाही.

नियम मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. मॉलमधल्या दुकानाचा मालक, सेन्योर बाल्दिविएसो, दर महिन्याला माझ्याकडे कुरकुरायचा, “लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, चौकातली देते मग तू का नाही? नाव एक, पाटी एक, आणि कंजूष ठरतो मी.” त्याचंही खरंच होतं. एका पाटीखाली दोन न्याय चालत नाहीत.

पहिली नोटीस गेली तेव्हा दोन्या सेनोबियांनी कंपनीला लेखी विनंती केली की यापाची परवानगी द्या, लागेल ते फळ मी माझ्या पदरचं घालते. कंपनीने नकार दिला. दुसऱ्या नोटिशीनंतर त्यांनी महिनाभर हात आवरला. मग चिरिमोयाचा हंगाम आला, फळं पिकून फुटायला लागली आणि हात पुन्हा सैल सुटला. मी लिहिलं. त्यांनीच लिहायला सांगितलं होतं.

एकाच वर्षात तोच नियम तिसऱ्यांदा मोडला की करारानुसार सुधारायची संधी नसते. तिसरा कागद घेऊन नोटरीचा माणूस आणि मी सकाळीच गेलो. वारंवार नियमभंग केल्यामुळे करार रद्द. आवराआवरीला साठ दिवस. त्या साठ दिवसांत दुकान नियमाप्रमाणेच चालवायचं, शेवटी पाटी, गणवेश, ग्लास, नियमपुस्तक परत करायचं. त्यानंतर वर्षभर त्या भागात रसाचा धंदा करायचा नाही. आणि खाली एक ओळ होती, तीच खरी गळ्याशी येणारी. या साठ दिवसांत पुन्हा नियम मोडला तर मुदत त्याच दिवशी संपेल, आणि जागेचा भाडेकरार कंपनी आपल्या नावावर करून घेईल.

ती जागा म्हणजे दोन्या सेनोबियांचं सगळं काही. विधवा झाल्यावर त्यांनी ती मिळवली होती. मागच्या खोलीत त्या राहायच्या आणि पुढे कमवायच्या. त्यांनी कागद सावकाश वाचला, मधेच चष्मा पुसला, आणि बोट त्याच ओळीवर ठेवलं.

“म्हणजे साठ दिवस मी नीट वागले, तर जागा माझी?”

“तुमचीच. रस सोडून काहीही विका.”

“मग शेंगदाण्याचं सूप विकीन. त्याला काय कुणाची पाटी लागते?” त्या हसल्या. मला हसू येईना. म्हणाल्या, “चेहरा असा का करता लिसे? सही मी केली होती ना करारावर? तेव्हा कुणी हात पिरगळला नव्हता. बसा, रस घ्या.”

त्यांनी पपई लाल रेघेपर्यंत घातली, दूध रेघेपर्यंत घातलं, एक ग्लास भरला, आणि रिकामं भांडं माझ्यासमोर उलटं धरून दाखवलं. एक थेंब पडला नाही. त्या दिवसापासून प्रत्येकाला हेच. ग्लास द्यायचा, भांडं उलटं धरायचं, विसळायचं.

सांगायला सोपं आहे. पण ज्या बाईचा हात आयुष्यभर मापापेक्षा जास्त देत आला, तिने रोज शंभर माणसांसमोर तो हात मुठीत धरायचा, याला किती ताकद लागते ते मी पाहिलं. लोक आधी समजले की बाई विसरली. मग समजले की आजारी आहे. मग चिडले. “कासेरिता, श्रीमंत झालात वाटतं.” “मॉलचं वारं लागलं काय?” कंपनीवर ढकलून मोकळं होणं सहज शक्य होतं, पण त्यांनी एकदाही ढकललं नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, “अहो, निदान सांगा तरी लोकांना.”

“पाटी डोक्यावर आहे तोवर पाटीविरुद्ध बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “जिच्या सावलीत बसले तिला नावं ठेवू?”

सगळ्यांत कडू जीभ माएस्त्रो इलारिओनची. माएस्त्रो म्हणजे उस्ताद; हा निवृत्त बसचालक, तोंडाने फटकळ, रोज दुधातली पपई प्यायचा आणि यापा पिता पिता सरकारपासून जावयापर्यंत सगळ्यांना झोडपायचा. त्याचा रस संपला की तो ग्लास टेबलावर दोनदा आपटायचा, आणि दोन्या सेनोबिया न बघता ओतायच्या. नोटिशीनंतरच्या आठवड्यात त्याने ग्लास आपटला. दोन्यांनी भांडं उलटं केलं.

“हे काय?”

“संपलं, माएस्त्रो.”

“संपलं कसं? मिक्सर छोटा झाला की मन?”

दोन्यांनी भांडं विसळायला घेतलं. तो पुन्हा आपटला, आणखी जोरात. “पंचवीस वर्षं बस चालवली बाई, कुणी धावत आला तर थांबा नसतानाही थांबवली. ते थांबणंही नियमाबाहेरच होतं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” त्याने टोपी घातली आणि निघून गेला. दोन्यांनी त्याचा ग्लास उचलला, धुतला, पुसला, आणि पुसतच राहिल्या. मी कोपऱ्यात तपासणीचा तक्ता भरत होते. लिहायचं होतं ते हेच, की नियम पाळला.

माएस्त्रो पुन्हा आला नाही. मी दर खेपेला त्याच्या खुर्चीकडे बघायचे. दोन्याही बघायच्या.

कंपनी अशा मुदतीत गुपचूप गिऱ्हाईक पाठवते. कोण, ते मलाही सांगत नाहीत. त्यांचे अहवाल माझ्याकडे यायचे. यापा मागितला, मिळाला नाही. आर्जव केलं, मिळाला नाही. आजारी आईचं नाव सांगितलं, तरी मिळाला नाही; मालकिणीने आईसाठी वेगळा ग्लास स्वतःच्या पैशाने गल्ल्यात नोंदवून दिला. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. मुख्य कार्यालयातल्या वकिलाने विचारलं, “हा नियमभंग धरायचा का?” मी म्हटलं, “पूर्ण किमतीचा, पूर्ण मापाचा, नोंदलेला ग्लास आहे. कुठला नियम मोडला, तुम्हीच दाखवा.” त्याने तो मुद्दा अहवालातून काढून टाकला.

शेवटचा आठवडा लागला तशी दारावर कंपनीची चिठ्ठी लागली की हे दुकान बंद होत आहे. तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. काहीजण ओशाळून आले, काही आलेच नाहीत. दोन्या सेनोबिया प्रत्येकाला एकच सांगत होत्या. “शनिवारी दुपारी या. घरून आपापला पेला आणा.”

“पेला कशाला?”

“या तर खरं.”

शनिवारी सकाळी शेवटचा रस विकून झाला. मग मी एकेक वस्तू तपासून घेतली. पाटी उतरवली, गणवेश घड्या घालून दिले, नियमपुस्तक दिलं. लाल तुंबोचं चित्र असलेले ग्लास आणि लाल रेघेची भांडी खोक्यांत भरली. भिंतीवरचा कंपनीचा लाल पट्टा त्यांनी आदल्या दिवशीच पांढऱ्या रंगाने झाकून टाकला होता. इतकं नेटकं सोडलेलं दुकान माझ्या नोकरीत मी दुसरं पाहिलं नाही. माणसं जाताना दिवेसुद्धा उपटून नेतात. मी हस्तांतरणाच्या कागदावर सही केली, त्यांनी केली, आणि करार तिथे संपला. जागा त्यांची राहिली.

“फळं?” त्यांनी विचारलं. मागे टोपल्या भरून पपई होती, आणि चिरिमोयाही.

“नाशवंत माल कंपनी परत घेत नाही. तुमचा आहे.”

“विकू शकत नाही.”

“नाही.”

“आणि नुसता दिला तर?”

करार मला पाठ आहे. तरी मी ते कलम पुन्हा वाचलं, कारण चूक झाली तर ती त्यांच्या डोक्यावर बसली असती. बंदी धंद्याला होती. फुकट देण्याला कुठे काही नव्हतं. मी म्हटलं, “फुकट देणं म्हणजे धंदा नव्हे.”

त्यांनी मागच्या खोलीतून घरचा जुना मिक्सर आणला. त्यावर रेघ नव्हती. दार उघडलं तर बाहेर रांग, हातात चहाचे कप, कल्हई उडालेले मग, एकीच्या हातात तर फुलदाणी. दोन्या सेनोबिया प्रत्येकाचा पेला अर्धाच भरत होत्या.

“अर्धाच का हो, कासेरिता?” फुलदाणीवाली म्हणाली.

“पूर्ण ग्लास तुम्ही विकत घेतलेत, दोन महिने. राहिला होता तो हा अर्धा.”

मला त्या बाईचा असा अभिमान वाटला, जसा माझ्या कंपनीचा कधी वाटला नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

दुपार कलली, टोपल्या रिकाम्या होत आल्या. दोन्यांनी एक पिकलेली पपई बाजूला ठेवली होती. कुणी तिला हात लावला की म्हणायच्या, “ती नाही.” त्यांचं लक्ष सारखं रस्त्याच्या वळणाकडे होतं. शेवटी रांग संपली. त्यांनी मिक्सर पुसायला घेतला.

तेवढ्यात माएस्त्रो इलारिओन आला. टोपी हातात, कोटाच्या खिशात पत्र्याचा पेला. दारात थांबला. उघड्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, पाटीच्या जागी राहिलेल्या खिळ्यांकडे बघितलं. त्याने पेला टेबलावर ठेवला. आपटला नाही, अलगद ठेवला.

दोन्यांनी पपई चिरली, दूध घातलं, मिक्सर फिरवला आणि त्याचा पेला काठापर्यंत भरला.

“अर्धा ना?” तो पुटपुटला. “सगळ्यांना अर्धा दिलात म्हणे.”

“तुम्ही दोन महिने आला नाहीत, माएस्त्रो. तुमचा पूर्णही राहिलाय.”

तो प्यायला. खाली ठेवलेल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिला. मग हळूच, जरा घाबरत, त्याने पेला टेबलावर दोनदा आपटला, आणि दोन्या सेनोबियांनी न बघता ओतलं.