अर्जात नसलेला बगीचा

कुसुमताई वकिलीण. तिनं नातीच्या पालकत्वाचा अर्ज लिहायच्या आधी सरळ विचारलं होतं, "आजी, मुलीच्या नावावर शेत, घर, दागिना, काही आहे?" अन् म्या तोंड वर करून म्हणलं, "काही नाही."

साफ खोटं. काटोलले माह्या जावयाचा तीन एकर संत्र्याचा बगीचा आहे, वाटणीत आलेला. जावई रविंद्र अन् माही वच्छला, दोघंही जून महिन्यात बसच्या अपघातात गेले. एकाच दिवशी. मंग बगीचा कोणाचा? त्यांच्या पोट्टीचा, प्रेमिलेचा. नऊ वर्षांची आहे. तवापासून आमच्याजवळच नंदनवन वस्तीत राहते, इथल्याच शाळेत जाते.

खोटं काहून बोलली? वकिलाचा भरवसा काय! आज माह्यासंग बोलून राहिली, उद्या समोरच्या वकिलासंग चहा पिऊन राहिली. अन् लोकं? ते म्हणतील, म्हातारा-म्हातारी संत्र्यासाठी नातीले धरून बसले. मले हे ऐकायचंच नव्हतं. मले पोट्टी पायजे होती, बगीचा नाही.

आमचे हे, चंपतराव, गिरणीतून रिटायर झालेले, देवभोळे. कागदावर सही करताना कुजबुजले, "इथं लिवलं हाय का सारं खरं हाय म्हणून. रुखमे, बगीचा?"

"तुमी सही करा न गा," म्या म्हणलं. दोघाही जणांनी सह्या केल्या. दोन शेजाऱ्यांच्या साक्षीनं, पालक व्हायले आमी राजी आहो असाही एक कागद दिला.

अर्जात वकिलीणबाईनं चांगलं लिवलं होतं. मुलगी लहान आहे, आजीजवळ रमली आहे, शाळा चालू आहे, आजोबाची पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. मुलीचं हित इथंच आहे. हित हा शब्द तर पानोपानी. म्या मनात म्हणलं, आता झालंच काम.

मंग कोर्टाची नोटीस गेली काटोलले, प्रेमिलेच्या काकाले. भैय्याजी त्याचं नाव. त्यानं हरकत घेतली. पोरगी बापाच्या घरची, काकाकडे राहील, असं त्याचं म्हणणं. कोर्टानं त्याचं ऐकलं तर माही प्रेमिला काटोलले जाणार होती.

या भैय्याजीवर माहा आधीपासून डोळा. सातबारा काढून आणला होता म्या, कोणाले न सांगता. त्यात प्रेमिलेच्या नावासमोर पालनकर्ता म्हणून यानं आपलं नाव घालून ठेवलं! भाऊ जाऊन महिना झाला नाही तर! अन् तवापासून दर पंधरवड्याले कंडक्टरच्या हाती काही ना काही येऊ लागलं. माघात मृग बहाराची फळं तोडणीले आली तशी संत्र्याची टोपली. म्या ओळखलं. आज संत्रं, उद्या लाडीगोडी, परवा पोट्टी. टोपली आली की मी मागच्या गल्लीत गाईपुढे रिकामी करत होती. प्रेमिला दारात उभी राहून पाहत होती. म्या सांगितलं, "काकाचं काही खायचं नाही, बापू. कोण काय मनात धरून देते, काय समजते?"

सिव्हिल लाईनच्या कोर्टात तारीख लागली. मी पिंजऱ्यात उभी. भैय्याजीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "आजीबाई, मुलीची मालमत्ता काही नाही, असं तुम्ही अर्जात लिहिलंय. बरोबर?"

"हो."

त्यानं सातबारा पुढे केला. "मग हा काटोलचा बगीचा कोणाचा?"

कुसुमताई माह्याकडे पाहून राहिली होती. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. यांनी मान खाली घातली.

वकील जजसाहेबाले म्हणाला, "साहेब, प्रतिज्ञेवर खोटं. मालमत्ता लपवली. अशांच्या हाती मुलगी द्यायची? अर्ज फेटाळावा."

मले राग आला. रडूही आलं. मी ओरडलीच, "लपवला! लपवला म्या! बगीच्यासाठी नात पायजे असं कोणी म्हणू नये म्हणून लपवला! ठेवा न तो बगीचा तुमच्याजवळ. जाळा. मले माह्या वच्छलेची पोट्टी द्या."

"आजी," साहेब म्हणाले, "हळू. बगीचा तुमचाही नाही अन् काकांचाही नाही. तो मुलीचा आहे. म्हणूनच तो अर्जात लिहावा लागतो." मंग त्यांनी वकिलीणबाईले अर्ज दुरुस्त करायची परवानगी दिली. त्या वकिलाले म्हणाले, "इथं आजीला शिक्षा करायची नाही. मुलीचं हित कशात आहे, ते पाहायचं आहे. मुलीशी मी एकटाच बोलतो."

प्रेमिलेले आत नेलं. दार बंद. मी बाहेर बाकावर. भैय्याजी समोरच बसला होता. पायात वहाण, हातावर चिखलाचे वाळके डाग. म्हणाला, "मावशी, तलाठ्यानं म्हटलं, लहान पोरीच्या नावासमोर कोणाचं तरी नाव लिहा लागते. म्हणून लिवलं. झाडाले पाणी मीच देऊन राहिलो. दादाची झाडं वाळू देऊ काय?"

म्या तोंड फिरवलं. साखरपेरणी साली.

प्रेमिला बाहेर आली. म्या विचारलं, "काय विचारलं साहेबानं, बापू? काय सांगितलं तुवा?" तिनं माह्याकडे पाहिलं, मंग काकाकडे, अन् म्हणाली, "काही नाही."

अगदी माह्याच सुरात. वकिलीणबाईले म्या म्हणलं होतं तसंच.

महिन्यानं हुकूम झाला. इंग्रजीत होता, कुसुमताईनं समजावून सांगितला. पोट्टीचे पालक आमी दोघं. बगीचा सांभाळणार भैय्याजी, पण दरसाल कोर्टाले हिशेब देऊन, अन् कोर्टाच्या परवानगीबिगर एक झाडही विकायचं नाही. सुट्टीत काकाले पोट्टीले भेटता येईल.

म्या हात जोडले. कुसुमताई हसली नाही. म्हणाली, "आजी, आणखी एक ओळ आहे. मुलीला आजीजवळच राहायचं आहे. पण तिनं साहेबांना विचारलं, बाबांच्या झाडाची संत्री खाल्ली तर काय होते? आजी ती गाईला घालते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

पुढच्या रविवारी भैय्याजी खुद्द आला, टोपली घेऊन. म्या त्याले आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. मंग टोपलीतलं मोठंसं संत्रं उचललं, त्याच्यासमोर सोललं. पहिली फोड मीच खाल्ली. गोड होती वं, काय सांगू! वच्छला माहेरी आणत होती तशीच. डोळे भरून आले माहे.

दुसरी फोड प्रेमिलेच्या हातावर ठेवली. "घे बापू. तुह्या बाबाच्या झाडाचं आहे."

पोट्टीनं फोड घेतली. नाकाशी नेली. तोंडात घातली नाही. आधी काकाकडे पाहिलं, मंग माह्या तोंडाकडे पाहत राहिली, माहं काही होते का म्हणून.