पुलावर पाणी आहे, खाडा लागणार नाही

‘शक्य असल्यास’ ह्या दोन शब्दांइतका लबाड मजकूर मी जन्मात टाईप केला न्हाई. अन् केला होता मीच, ह्याच दहा बोटांनी, म्हणून तर इतका राग येतो.

मी रागिणी. वसमतला हळदीच्या कारखान्यात हजेरी मांडते. सकाळी नावं पुकारायची, मस्टर भरायचं, महिन्याचे खाडे काढायचे, अन् बायांच्या मोबाईल ग्रुपवर कंपनीचे मेसेज टाकायचे, एवढं माझं काम. हळकुंडं निवडायला काही बाया वसमतच्याच, अन् एकतीस बाया डोंगरकड्याच्या बाजूच्या गावांतून येतात, हरिचंदच्या टेम्पोतून. मधात एक ओढा हाय. त्याच्यावर नळकांडी पूल, म्हणजे सिमेंटच्या नळ्या आडव्या टाकून वरून रस्ता केलेला. कठडा न्हाई, काही न्हाई. जरा दम धरून पाऊस झाला की पूल पाण्याखाली.

मागच्या वर्षी असंच पाणी आलं होतं. मॅनेजर शिवशंकर सरांनी मजकूर सांगितला, मी बराबर तसाच टाकला. कारखाना चालू राहील. शक्य असल्यास कामावर यावे. येणे-जाणे स्वतःच्या जबाबदारीवर. टेम्पो पुलावर बंद पडला, बाया पाण्यात उतरून चालल्या, अन् सुमनबाईचा पाय नळ्यांच्या फटीत अडकून मोडला. पुन्हा ती माउली पाटावर बसून हळद निवडू शकली न्हाई. दवाखान्याचा खर्च मागायला तिचा नवरा आला तर सरांनी माझाच मेसेज त्याच्यापुढं धरला. “आम्ही बोलावलं कुठं होतं? शक्य असल्यास, असं लिहिलंय. वाच.” साप मरावा अन् काठीही तुटू नये, त्यासाठी ते दोन शब्द होते. मला तेव्हा कळलं.

यंदा भादव्यात, गुरुवारी सकाळी सहा वाजता सरांचा फोन आला. रातभर धो धो चालू होता. शाळांना कलेक्टरनं सुट्टी दिली होती, पण कारखाना काही शाळा न्हाई.

“रागिणी, ग्रुपवर टाक. मागच्याच वर्षीचा मजकूर. शुक्रवारी ट्रक भरायचाय. आणि खाली लिही, न येणाऱ्यांचा खाडा धरला जाईल.”

“सर, पुलावर पाणी हाय.”

“म्हणून तर शक्य असल्यास लिहायचं. ज्यांना जमेल त्या येतील.”

“तुमी येऊन राहिले का, सर?”

सर नांदेडला राहतात. जरा खाकरले. “माझं वेगळं आहे. आसना नदीला पूर आहे, रिस्क कशाला? मी घरूनच बघतो.”

“मग तुमचाही खाडा धरू का?”

आता हे बोलायची काय गरज होती, असं माझा नवरा म्हणतो. गरज न्हाई कशी? उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस समोर असला की माझ्या जिभेला हाड राहत न्हाई. सर भडकले. “पाठव म्हटलं ना!” अन् फोन ठेवून दिला.

मी मेसेज टाकला न्हाई. आधी हरिचंदला फोन लावला. त्याच्या टेम्पोत बाया बसून राहिल्या होत्या.

“किती पाणी हाय, हरिचंदभाऊ?”

“गुडघाभर असंल, ताई. जाते गाडी.”

“बघून आले का?”

“बघायचं काय त्यात? दरसाल जातो आपण.”

त्याला फेरीमागं पैसे भेटतात. फेरी न्हाई तर पैसे न्हाई. त्याला शक्य वाटणारच. मी म्हटलं, सुभद्रामावशीला फोन द्या. सुभद्राबाई म्हणजे त्या बायांत सगळ्यांत जुनी, तिच्या शब्दाला वजन.

“मावशी, तुमाला काय वाटतं? यायजोगं हाय का?”

“मला काय इचारतीस, पोरी? हरिचंद म्हणला जाते, तर बसलो. माझे दोन खाडे झालेत ह्या महिन्यात. तिसरा झाला की हजेरी बोनस गेला. कोमलचेही दोन झालेत, लेकरू आजारी होतं तिचं. ती तर पव्हत येईन म्हणते.”

ती हे हसत हसत बोलली. आमच्या सरांनी ‘शक्य’ कुणावर सोडलं होतं? फेरीवर पोट असलेल्या ड्रायव्हरवर, अन् बोनस जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसणाऱ्या बायांवर. पाण्याला तर कुणी इचारलंच नव्हतं.

मी बाहेर जाऊन वसमतमधला कारखान्याचा रस्ता बघून आले. तो मोकळा होता. मग ओट्यावर बसून मेसेज लिहिला. टाईप केला, अन् ज्या बायांना वाचता येत न्हाई त्यांच्यासाठी माझ्या आवाजातही टाकला:

“आज गुरुवार. ओढ्याच्या पुलावर पाणी आहे. पलीकडच्या गावांतल्या कोणीही कामावर यायचं नाही. टेम्पोत बसल्या असाल तर उतरा. खाडा लागणार नाही, हजेरी बोनस जाणार नाही. आजची तुमची सुट्टी, आणि त्याच्या बदल्यात रविवारी काम. वसमतमधल्या बायांनी नेहमीप्रमाणे यावं, रस्ता मोकळा आहे, मी आत्ताच बघून आले. पाणी उतरलं की मी फोन करीन, तोपर्यंत कोणाचंही ऐकून निघू नका. रागिणी, हजेरी विभाग.”

रविवारची अदलाबदल काही मी घरी शिजवली न्हाई. लाईट जाते तेव्हा आमचा कारखाना हेच करतो. दिवसभर लाईट न्हाई, तर त्या दिवशी सुट्टी अन् रविवारी काम, कुणाचा खाडा न्हाई. मशीन बंद पडलं तर सुट्टी, अन् बाया बुडायची येळ आली तर खाडा! शेठचा एक रुपया जात नव्हता त्यात. फक्त मला तसं लिहायचा अधिकार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

पाच मिनिटांत सरांचा फोन.

“कुणाला विचारून टाकलंस? मिटव आधी!”

“मिटवते, सर. पण मग तुमी टाका, तुमच्या आवाजात, तुमच्या नावानं. ‘मी शिवशंकर, पाण्यातून या म्हणून सांगतो, काही झालं तर मी बघीन.’ एवढं बोला. मी आत्ता मिटवते.”

खरंच सांगते, ते बोलले असते तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पण ते बोलणारच न्हाईत, हे मला ठाऊक होतं.

“उद्यापासून यायचं नाही तू,” ते म्हणाले. त्यांनीच माझा मेसेज मिटवला, मला ग्रुपमधून काढलं, अन् मागच्या वर्षीचा मजकूर चिकटवला. नाव कुणाचंच न्हाई खाली. लिहिलेलं होतं, ‘व्यवस्थापन’.

नोकरीचं जाऊ द्या, ते मी पचवलं असतं. पण बायांनी नवा मेसेज ऐकला अन् परत टेम्पोत चढल्या तर? सुभद्रामावशीचा फोन लागेना. हरिचंदचा लागेना. मी दारातून आत, आतून दारात. नवरा चहा घेऊन आला तर त्याच्यावरच खेकसले.

सात वाजून गेल्यावर मावशीचाच फोन आला.

“ऐकलंस का ग?”

“काय ऐकू? मला काढलं ग्रुपमधून.”

“व्हय का? मग ऐक.” तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर ग्रुप लावला अन् आपला फोन त्याच्यापुढं धरला. एकामागं एक बायांचे आवाज निघू लागले. सुभद्राबाई, शक्य न्हाई. कोमल, शक्य न्हाई. राधिका, शक्य न्हाई. कुणी खेकसून, कुणी लाजत, कुणाच्या मागं कोंबडं आरवून राहिलेलं. एकतीसच्या एकतीस. सरांनी इचारलं होतं ना, शक्य असल्यास? तर घ्या उत्तर. मी दारातच बसले अन् पदरात तोंड घालून रडले.

पाणी दुपारी उतरलं. पूल जागेवर होता. सरांना तेच पाहिजे होतं. “बघा, काही झालं का?” असं ते शेठला फोनवर सांगत होते म्हणे. काही झालं न्हाई, मान्य. काही होऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप केला ना!

शुक्रवारी मी गेटवर गेले. नोकरीवर न्हाई, माझा डबा अन् छत्री आत होती ती आणायला. टेम्पो आला, बाया उतरल्या, नेहमीसारख्या आंब्याखाली रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी शेठही आले होते, ट्रक उभा होता ना. सरांनी मस्टर हातात घेतलं.

“सुभद्राबाई!”

गप्प. ती समोरच उभी, हात कमरेवर.

“सुभद्राबाई! अहो, हजर म्हणा.”

“मी इथं हाय का न्हाई ते तुमाला दिसून राहिलंय की,” मावशी म्हणाली. “पण ज्या मस्टरात कालचा खाडा लागणार, त्यात आजची हजेरी आमी देत न्हाई.”

सरांनी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. एकही तोंड उघडेना. ह्या बाया जत्रेत पाळण्यावर बसल्या तरी गप्प बसत न्हाईत, मी सांगते! त्या दिवशी नुसता ट्रकचा ड्रायव्हर खोकत होता. आंब्याखाली एकतीस बाया हजर, अन् कागद कोरा.

शेठ माझ्याकडं वळले. म्हातारा माणूस, रागातही अहोजाहो सोडत न्हाई. “हे तुम्ही शिकवलं?”

“न्हाई, शेठ. मला इतकी अक्कल असती तर मागच्या वर्षीच शिकवलं असतं.”

त्यांनी सरांना इचारलं, लाईट जाते तेव्हा काय करतो आपण? सर म्हणाले, रविवारी काम, पण ते वेगळं. शेठनी इचारलं, वेगळं कसं? सर मस्टरची पानं चाळू लागले. ट्रकवाल्यानं एकदा हॉर्न मारला.

शेठनी गेटवरच्या टेबलावर कागद मागवला, गुरुवारच्या बदल्यात रविवार असं स्वतः लिहिलं, अन् मस्टर उचलून माझ्यापुढं केलं. “घ्या, पुकारा.”

मी हात मागं घेतला. “आधी सही, शेठ. खाली ‘व्यवस्थापन’ नको. तुमचं नाव.”

शेठनी माझ्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं. मग नाव घालून सही केली. मी कागद बोर्डाला लावला, मस्टर घेतलं अन् पुकारलं, “सुभद्राबाई!”

“हाय!” अशी ओरडली की आंब्यावरचे कावळे उडाले.

शेठ गाडीकडं निघाले होते. दारापाशी थांबून वैतागून म्हणाले, “पुढच्या पुरात हा मेसेज लिहायचा कुणी, ते तरी सांगा.”

“त्यात काय अवघड हाय?” मावशी म्हणाली. “ज्याला पाण्यातून यायचं, त्यानं लिहायचा.”

शेठ गाडीत बसले. मी पुढचं नाव पुकारलं.