गायरानातली तिसरी गाय

दोंडाईच्याजवळच्या त्या गावाचं गायरान सगळ्यांचं होतं, तिथे गाई सोडायला कुणाची ना नव्हती. गवत विरळ होऊ लागलं तेव्हा सुकदेव आबांनी चावडीवर सांगितलं, "गाया अर्ध्या करा, बठ्ठा गावनं दूध वाढी." सगळ्याच गावाचं दूध वाढेल, हे दोन गाई असलेल्या निंबाला पटलं. पण कुणीच गाय कमी केली नाही, उलट जो तो वाढवू लागला. मग त्यानेही तिसरी गाय सोडली. तिचं सगळं दूध त्याच्या घरी आलं. घटलं ते गावातल्या प्रत्येक गाईचं, थोडं थोडं.

चैत्रात शेजारच्या भिकुबाईची एकुलती एक गाय उपाशीपोटी बसली, ती उठलीच नाही. निंबा दुधाचा तांब्या घेऊन गेला. त्याला मान वर करवेना.

"अक्का, मनी तिसरी गाय तुमनी गायना चारा खाई गयी."

मेलेल्या गाईच्या अंगावरून हात फिरवत भिकुबाई म्हणाली, "मनाकडे दुसरी ऱ्हाती तं मीबी सोडती, भाऊ."

दुसऱ्या दिवशी निंबाने तिसरी गाय घरीच बांधली. संध्याकाळी गायरानात गेला, तर गावातल्या धनसिंगच्या दोन नव्या गाई उघड्या मातीत तोंड घालत फिरत होत्या. निंबा तिथेच बसून रडला.