साधी, नैसर्गिक मुलगी

समाजाच्या लग्नमंडळाचे प्रमुखसाहेब, खोटारडे तुम्ही आहात. मुली नाहीत. तुमच्या छापील सूचनापत्रात तिसरी ओळ आहे: "पहिल्या भेटीत मुलीने साधे, नैसर्गिक दिसावे." ते नैसर्गिक दिसणं कुठे तयार होतं माहीत आहे? भावनगरात, माझ्या पार्लरमधल्या मोडक्या खुर्चीवर. दोन तास लागतात.

किन्नरीचंच घ्या. सव्वीस वर्षांची, औषधाच्या दुकानात काम करते, रंग सावळा, गालांवर मुरुमांचे जुने खड्डे नि डाग. चार मुलं बघून गेली. चौघांकडून एकच निरोप: "फोटोत वेगळी वाटली होती." पाचवा सुरतचा मौलिक, रविवारी अकराला येणार होता.

तिची आई रमिलाबेन म्हणाली, "भानूबेन, असं करा की काही केलंय असं वाटूच नये. हेही स्थळ गेलं तर हिचे बापू म्हणतात, मग तो जामनगरचा बिजवर."

फेशियल मी बुधवारीच उरकलं. भेटीच्या दिवशी केलं तर तोंड लाल होतं. भुवया शुक्रवारी. रविवारी सकाळी तिला खिडकीत बसवलं, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो. दोन छटा मिसळून जबड्याच्या कडेला लावून पाहिल्या. डागांवर आधी ते झाकणारी नारिंगी क्रीम, मग ओल्या स्पंजने दाबून दाबून फाउंडेशन. घासायचं नाही, नाहीतर थर दिसतो. पावडर फक्त नाकावर. ओठांना रंग लावून टिपून घेतला. केस ड्रायरने सरळ केले नि बोटांनी विस्कटले, जणू आपोआप वाळलेत.

"दोन तास खपून मी काहीच न केल्यासारखी दिसते," किन्नरी आरशात बघत म्हणाली. "वा!"

"खांदे खाली सोड. कप दोन्ही हातांनी धर, म्हणजे हात थरथरत नाहीत. आणि विचारल्याबरोबर उत्तर देऊ नकोस, एक श्वास घे."

"तोही नैसर्गिकच घ्यायचा ना?"

मला मामेबहीण म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं. मौलिक आला. सोबत त्याची आत्या, म्हणजे फैबा. मौलिकच्या कपाळावर घाम होता, केसांत नाही. डोक्याला खाज सुटली की तो बोटांनी खाजवत नव्हता, तळहाताने थोपटत होता. वीस वर्षं मी डोकी हाताळतेय. केसांचा टोप खाजवला की सरकतो, म्हणून माणूस थोपटतो.

किन्नरीने चहा दिला, गाठिये दिले. छान बोलत होती, तोही हसत होता. एवढ्यात फैबा म्हणाल्या, "केवढं उकडतंय! जा बेटा, साबणाने तोंड धुऊन ये. मोकळं वाटेल."

रमिलाबेनचा चेहरा उतरला. "अहो फैबा, आत्ताच तर आंघोळ..."

"धुतल्याने काय झिजणार आहे? मंडळानेच लिहिलंय, साधी मुलगी हवी."

किन्नरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नको जाऊस. ती उठली, मोरीत गेली. पाण्याचा खळखळाट दारापर्यंत ऐकू येत होता. परत आली ती डाग, खड्डे, ओल्या बटा, सगळं घेऊन. टॉवेल खांद्यावर तसाच. आणि आत्ता कुठे तिचे खांदे खरोखर खाली आले होते.

फैबांनी ओठ मुडपले. "हं. आता कळलं."

"माझं कळलं," किन्नरी म्हणाली. मौलिकचं ते थोपटणं तिनेही पाहिलं होतं. टॉवेल तिने त्याच्यापुढे धरला. "आता तुम्ही. डोकं धुऊन या."

"अगं ए! पुरुषमाणसाला असं बोलतात?"

"उकडतंय ना फैबा, त्यांनाही मोकळं वाटेल."

मौलिक पांढरा पडला. टॉवेल घेऊन आत गेला. बराच वेळ नळ वाहत होता. मला खरंच वाटलं, आता टोप काढून येईल. रमिलाबेन माझा हात दाबत होती. तो बाहेर आला. तोंड धुतलेलं, केस कोरडे, जागच्या जागी.

"टकलाचं मला काही नव्हतं," किन्नरी म्हणाली. "हसून म्हणाला असतात, हा टोप आहे, तर मी होच म्हणणार होते. पण मला धुवायला लावलं तेव्हा तुम्ही चहा पीत राहिलात. मला हा मुलगा नको."

"नको म्हणणारी ही कोण!" फैबा चपला घालता घालता ओरडल्या.

रमिलाबेन रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "त्या जामनगरवाल्यालाही आता नाही म्हणून कळवते."

मंगळवारी तुमच्या नोंदवहीत किन्नरीच्या नावापुढे शेरा पडला: "मुलगी उद्धट. सहा महिने स्थळ दाखवू नये." मौलिकचा फोटो अजून तुमच्या मंडळाच्या भिंतीवर आहे, दाट केसांसकट, शेऱ्याशिवाय. मी स्वतः येऊन बघितला.

प्रमुखसाहेब, तोंड धुऊन आलेल्या मुलीला शेरा, आणि डोकं न धुतलेल्या मुलाला काय? इथेच, या कागदाखाली, तुमच्या हाताने लिहून द्या. मी पार्लर बंद करून तुमच्या दारात बसले आहे.